पार्टी पाठवली तर किती घ्यायचं, आणि कुठे हात घालायचा नाही

*दादा, माझं कर्वेनगरला झेरॉक्स-स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. रूम शोधणारी पोरं आणि भाडेकरू शोधणारे काका-काकू सगळे माझ्याकडेच येऊन विचारतात, आजवर मी फुकटच ओळखी करून दिल्या. आता एक एजंट म्हणतो पार्टी पाठवा, २५ टक्के देतो. आमच्या सोसायटीतल्या एक काकू फ्लॅट विकायचा म्हणतायत, ७० लाखांची अपेक्षा आहे, काका गेल्यावर फ्लॅट त्यांच्या नावावर झालाय. आणि एका बिल्डरच्या सेल्स ऑफिसातला मुलगा म्हणतो नवीन प्रोजेक्टला गिऱ्हाईक पाठवा, बुकिंगमागे ५० हजार. आमचे मिस्टर म्हणतात नसत्या भानगडीत पडू नकोस. किती घ्यायचं, कोणाकडून घ्यायचं आणि कायद्यात कुठे अडकेन का? — कर्वेनगरची एक दुकानदार, पुणे*

ताई, तीन कामं तुम्ही एकाच पत्रात लिहिलीत पण ती तीन वेगळी कामं आहेत, आणि सगळ्यात जास्त पैसे ज्यात दिसतायत तेच आधी बाजूला ठेवा असं मी सांगणार आहे. म्हणजे तो सेल्स ऑफिसवाला मुलगा.

नवीन प्रोजेक्टमधला फ्लॅट विकायला मदत करून कमिशन घ्यायचं तर महारेराची, म्हणजे घरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, एजंट नोंदणी लागते. लोक म्हणतात मी कुठे एजंट, मी फक्त नाव आणि नंबर दिला. पण रेरा कायद्यातली एजंटची व्याख्या वाचलीत तर त्यात विकणारा आणि घेणारा यांची कुठल्याही मार्गाने ओळख करून देणारासुद्धा येतो, मग तुम्ही त्याला रेफरल म्हणा, रेफरन्स म्हणा नाहीतर चहापाणी म्हणा. नोंदणी नसताना हे केलं तर दंड दिवसाला १०,००० रुपये, आणि तो वाढत वाढत ज्या फ्लॅटचा व्यवहार करून दिला त्याच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ८० लाखांचा फ्लॅट धरा, म्हणजे ४ लाख. तुम्हाला मिळणार ५० हजार. रोज कोणी दुकानात येऊन तपासतं का, तर नाही, पण खरेदीदाराचं आणि बिल्डरचं पझेशनवरून वाजलं की तक्रारीत "आम्हाला इथे कोणी आणलं" हे पहिल्या पानावर येतं. शिवाय बिल्डर कमिशन देताना तुमचा पॅन घेणार आणि टीडीएस कापणार, सध्या कमिशनवर २ टक्के कापतात, त्यामुळे पैसे मिळाल्याची नोंद तुमच्या पॅनवर आपोआप बसते, मग मी काहीच केलं नाही असं म्हणायची सोय उरत नाही.

नोंदणी करायचीच असेल तर अशक्य काही नाही. एकट्या माणसासाठी फी १०,००० रुपये, मुदत पाच वर्षं, आणि त्याआधी महारेराने ठरवून दिलेलं ट्रेनिंग घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. मग तुम्हाला A पासून सुरू होणारा नंबर मिळतो. वर्षाला दोन-चार बुकिंग खरंच होतील असं वाटत असेल तर करा, नाहीतर दुकान सांभाळून एवढा खटाटोप कशाला. आणि नंबर घेतला तरी त्या मुलाला एक प्रश्न विचारायचाच, प्रोजेक्टचा P नंबर काय? तो maharera.maharashtra.gov.in वर टाकून बघा. "प्री-लाँच आहे ताई, नंबर येतोय, आत्ता रेट कमी आहे" असं उत्तर आलं तर तिथेच नमस्कार करा, कारण नोंदणीच्या आधी जाहिरात किंवा बुकिंग घ्यायला बिल्डरलाच बंदी आहे, आणि नोंदणी असली तरी करार रजिस्टर होण्याआधी १० टक्क्यांच्या वर रक्कम घेता येत नाही. तुमच्या दुकानात रोज पेन घ्यायला येणाऱ्या माणसाचे पैसे असल्या ठिकाणी अडकले तर तो सेल्सवाला मुलगा तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो आणि तुम्ही त्याच कोपऱ्यावर असता.

आता भाड्याचं. हे तुमचं खरं काम, आणि भाड्याच्या मध्यस्थीला रेरा लागत नाही, तो कायदा खरेदी-विक्रीचा आहे. इथे भांडण होतं ते फक्त पैशावरून.

एजंट म्हणाला २५ टक्के. पण कशाचे २५ टक्के? हे तुम्ही विचारलं नसणार, कोणीच विचारत नाही. पुण्यात ११ महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटला साधारण भाडेकरूकडून एक महिन्याचं भाडं घेतात, मालकाकडून कुठे एक महिना, कुठे १५ दिवस, आणि मालक जुना-ओळखीचा असेल तर काहीच नाही. समजा २२,००० भाड्याचा टू बीएचके आहे, डिपॉझिट एक लाख. एजंटला भाडेकरूकडून २२,००० आले आणि मालकाकडून १५ दिवसांचे ११,०००, एकूण ३३,०००. त्याचे २५ टक्के म्हणजे ८,२५०. पण तो तुमच्या हातावर ५,५०० ठेवणार आणि म्हणणार "ताई, पार्टी तुमची ना, मग पार्टीच्या बाजूचे २५ टक्के". खोटं बोलत नाहीये तो, तुम्ही ठरवलंच नव्हतं. म्हणून नाव द्यायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज टाकायचा, अगदी साधा: "आज तुम्हाला एक पार्टी पाठवतेय, टू बीएचके हवाय, बजेट २२-२३. यांचं अ‍ॅग्रीमेंट तुमच्यामार्फत झालं, कोणत्याही फ्लॅटला, तर दोन्ही बाजूंच्या मिळून ब्रोकरेजचे २५ टक्के माझे, अ‍ॅग्रीमेंटच्या दिवशी. ओके असेल तर कळवा, मग नंबर देते." त्याचा ओके आल्यावरच नंबर. त्यातलं "कोणत्याही फ्लॅटला" महत्त्वाचं आहे, कारण तुम्ही सांगितलेला फ्लॅट पार्टीला आवडत नाही, एजंट शेजारच्या गल्लीतला दाखवतो, तिथे डील होते आणि तुमचं नाव कोणी काढत नाही. ह्याला आमच्यात पार्टी कट झाली म्हणतात, आणि मेसेज नसेल तर ओरडण्यात अर्थ नसतो.

पण जरा थांबा, तुमच्याकडे मालक पण येतात ना? मग मालक तुमचा असेल आणि भाडेकरू एजंटचा, तर २५ टक्क्यांवर का राहायचं, तिथे साइड बाय साइड करा. म्हणजे मालकाच्या बाजूचं ब्रोकरेज पूर्ण तुमचं, भाडेकरूच्या बाजूचं पूर्ण त्याचं. वरच्या हिशेबात तुमचे ११,००० होतात, आणि एजंटलाही ते पटतं कारण कर्वेनगरात भाडेकरू ढिगाने मिळतात, अडतं ते रिकाम्या फ्लॅटसाठी. अर्थात मग मालकाच्या बाजूचं कामही तुमचं: किल्ली, व्हिजिट, सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठणं. दुकान उघडं टाकून चार मजले चढायची तयारी नसेल तर २५ टक्केच बरे. दोन्ही पार्ट्या तुमच्याच असतील तर एजंट कशाला हवा तेही बघा, पण अ‍ॅग्रीमेंट करून देणारा माणूस तरी सोबत घ्या.

व्हिजिटचे पैसे पोरांकडून घेऊ नका. दाखवायचे २००, ३०० घेणारे आहेत, पण दुकानदाराने ते केलं की आठवड्यात चर्चा होते. आणि भाडेकरूला सुरुवातीलाच सांगून टाका की हा एजंट ब्रोकरेज घेणार, त्यातले मला काही मिळणार. हे सांगितल्यावर एकही पार्टी पळत नाही, उलट नंतर कळलं की मग मात्र "ताईंनी कमिशनसाठी गळ्यात मारलं" असं होतं, फ्लॅट कितीही चांगला असला तरी. बॅचलर नकोत, अमुक आडनाव नको असली यादी मालक तुमच्याकडे देतील, त्यांचं घर त्यांना कोणाला द्यायचं ते त्यांनी तोंडाने सांगावं, तुम्ही त्यांच्या वतीने जात-धर्म विचारत बसू नका.

मालक खरंच मालक आहे का, हे मात्र तुम्हीच बघायचं. ओळखीचा चेहरा आहे म्हणून सोडायचं नाही. इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा, त्याची प्रत मागा, नाहीतर निदान लाइट बिल आणि प्रॉपर्टी टॅक्सची पावती, आणि आधारवरचं नाव त्याच्याशी जुळतंय का पाहा. झेरॉक्स तुमच्याच दुकानात काढायला येतात, तेव्हाच नजर टाका. आपल्या भागात मुलगा अमेरिकेत आणि वडील इथे असं खूप असतं, मग फ्लॅट मुलाच्या नावावर असेल तर वडिलांकडे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी हवी, "माझंच आहे हो सगळं" चालत नाही. दुसरं म्हणजे हेवी डिपॉझिट. भाडं नाही, फक्त सात-आठ लाख एकदम द्या, असा फ्लॅट कोणी आणला तर समोरचा माणूस मालक आहे की स्वतःच भाडेकरू आहे हे आधी शोधा. एकजण मालकाशी रीतसर भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट करतो, तोच फ्लॅट पुढे हेवी डिपॉझिटवर देतो, काही महिने मालकाला वेळेवर भाडं भरतो आणि एक दिवस गायब. मालक येऊन दार वाजवतो तेव्हा आतल्या कुटुंबाला कळतं, आणि त्यांना तिथे नेणारं कोण, तर ओळख करून देणारे.

अ‍ॅग्रीमेंट नोंदणीकृतच पाहिजे, नोटरी केलेला स्टॅम्प पेपर नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, केलं नाही तर वाद झाल्यावर भाडेकरू अटी जशा सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड होऊ शकतो. हे एवढंच मालकाला सांगा, "कशाला खर्च" म्हणणारे गप्प होतात. खर्च तरी किती, तर वरच्याच उदाहरणात ११ महिन्यांचं भाडं २,४२,०००, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून ११ महिन्यांचे साधारण ९,२००, या बेरजेच्या पाव टक्का स्टॅम्प ड्युटी म्हणजे सव्वासहाशेच्या आसपास, वर महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० आणि थोडा हाताळणी खर्च. सरकारी खर्च दोन हजारांच्या आसपास बसतो, त्यावर करून देणाऱ्याची फी. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हेही मालकाचंच काम, पण तुम्ही आठवण करून द्या.

साक्षीदार म्हणून सही मागतील. इथे कान धरून सांगतो, अनोळखी भाडेकरूसाठी करू नका. रजिस्टर दस्तात ओळख देणाऱ्यांच्या नावावर "आम्ही यांना व्यक्तिशः ओळखतो" अशा अर्थाचं वाक्य छापलेलं असतं, आणि तुमची ओळख म्हणजे त्या मुलाने दोनदा प्रोजेक्टचं बाइंडिंग करून नेलं एवढीच. त्याचे मित्र येतील साक्षीला.

काकूंचा फ्लॅट. यात रेराच्या नंबरची अडचण नाही, ती नोंदणी रेरात नोंदलेल्या प्रोजेक्टमधल्या विक्रीसाठी आहे, जुन्या राहत्या सोसायटीतली रिसेल त्यात येत नाही. रेट म्हणाल तर रिसेलला पुण्यात दोन्ही बाजूंनी प्रत्येकी १ टक्का चालतो, काही एजंट २ सांगतात आणि १ वर येतात. ७० लाखांवर एका बाजूचे ७०,०००. तुम्ही फक्त काकूंच्या बाजूने असाल आणि खरेदीदार एजंटने आणला तर साइड बाय साइड, काकूंचा १ टक्का तुमचा. शेजारच्या काकूंकडून ७० हजार मागायला जीव वर-खाली होत असेल तर अर्धा टक्का सांगा, पण आत्ताच सांगा आणि मेसेजवर लिहून घ्या, व्यवहार झाल्यावर "तुम्हाला काय द्यायचं ते द्या" म्हणालात की साडी मिळते. पैसे अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालं त्या दिवशी निम्मे आणि पूर्ण पेमेंट-पझेशनला निम्मे, असं ठरवलं तर काकूंनाही बरं पडतं.

पण ह्या सगळ्याच्या आधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर माझी पेन्सिल थांबली. काका गेल्यावर फ्लॅट काकूंच्या "नावावर झालाय". कुठे झालाय? बहुतेक शेअर सर्टिफिकेटवर, सोसायटीने नॉमिनेशन बघून. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. काकांनी मृत्युपत्र केलं नसेल तर बायको, मुलगे, मुली, आणि काकांची आई हयात असेल तर तीसुद्धा, सगळ्यांचा हिस्सा असतो, लग्न झालेल्या मुलीचाही तेवढाच. आता काय घडतं बघा. खरेदीदार येतो, फ्लॅट आवडतो, दोन लाख टोकन देतो, कर्जासाठी बँकेत फाइल टाकतो, बँकेचा वकील सर्च काढतो आणि लिहितो की मूळ खरेदीखत काकांच्या नावावर, वारसांचं काय? मग नागपूरच्या मुलीला फोन, ती म्हणते मला कोणी विचारलं नाही, भावाशी तिचं बोलणं बंद. खरेदीदार टोकन परत मागतो, काकूंनी ते घराचं काहीतरी भागवायला वापरलेलं, आणि दोघंही रोज तुमच्या दुकानात.

म्हणून गिऱ्हाईक शोधायच्या आधी काकूंकडे चहाला जा आणि चार कागद बघा: काकांचं मूळ खरेदीखत आणि इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, मृत्यूचा दाखला, आणि मृत्युपत्र आहे का. मृत्युपत्र नसेल तर मुलांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र काकूंच्या नावे करून घ्यायचं, किंवा सगळे वारस विक्रीच्या करारात सह्या करायला येणार हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं. कुठलं बरं ते वकील सांगेल, त्याची फी काकूंची. फ्लॅटवर कर्ज आहे का तेही विचारा, असेल तर मूळ कागद बँकेत असतात. सोसायटीने ट्रान्सफरसाठी भरमसाट मागितलं तर महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियमची कमाल २५,००० आहे हे काकूंना माहीत असू द्या, "बिल्डिंग फंड" म्हणून स्वखुशीने मागतात तो वेगळा खेळ.

टोकन तुमच्या हातात घ्यायचं नाही. "ताई तुमच्याकडे ठेवा, विश्वासाची जागा आहे" असं दोघंही म्हणतील आणि मनापासून म्हणतील. तरी नाही. टोकन थेट मालकाच्या खात्यात, चेकने किंवा ऑनलाइन, कारण प्रॉपर्टीच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात चालत नाही आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. भाड्याच्या डिपॉझिटलाही हाच नियम पाळा, रक्कम मालकाच्या खात्यात, तुमच्या क्यूआर कोडवर नाही. किंमत ५० लाख किंवा जास्त असली की खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून काकूंच्या पॅनवर भरायचा असतो, इथे ७०,०००. काकूंना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तुमचं कमिशन आणि ही कापलेली रक्कम आकड्याने सारखीच येते आणि म्हातारं माणूस म्हणणार दोनदा घेतले.

एक गोष्ट एजंट हळूच सुचवेल: काकूंना ६८ सांगा, खरेदीदाराकडून ७१ काढू, वरचे आपण वाटून घेऊ. काही भागात हे सर्रास चालतं. तुमच्याकडे ते टिकणार नाही, करारात खरी किंमत येते, काकू तो वाचतात, त्यांचा मुलगा तर नक्की वाचतो.

हिशेबाचं शेवटचं. जे मिळेल ते खात्यात घ्या आणि रिटर्नमध्ये दाखवा. जीएसटीचं लोक चुकीचं सांगतात की कमिशन २० लाखांपर्यंत काही नाही. नुसता माल विकणाऱ्या दुकानाला महाराष्ट्रात मर्यादा ४० लाख आहे, पण सेवाही देत असाल तर २० लाख, आणि ती दुकानाची उलाढाल आणि कमिशन मिळून मोजतात. झेरॉक्स ही तशीही सेवाच. म्हणजे दुकानाची वर्षाची विक्री १८-१९ लाख असेल तर काकूंचा एक व्यवहार आणि पाच-सहा भाडेकरू तुम्हाला रेषेपाशी नेतात, तेव्हा मार्चची वाट न बघता सीएला गेल्या वर्षीचा विक्रीचा आकडा घेऊन आत्ताच विचारा.